१२ वरून १५: वाढ २५ टक्के, बचत २० टक्के

वाचकाची प्रतिक्रिया:
«जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज १२, नव्या गाडीचे १५. वाढ ३ ची, म्हणजे १२ वर सरळ २५ टक्के. तुम्ही बचत २० टक्के लिहिली आहे, हे शाळेतल्या मुलालाही पटणार नाही. शिवाय स्कूटर ४० वरून ५० वर गेली तर १० चा फायदा, गाडीत फक्त ३ चा. तरीही आधी गाडी बदला असे तुम्ही कसे सांगता?»

आपण काढलेले २५ टक्के अचूक आहेत, फक्त ते पेट्रोलचे नाहीत, अंतराचे आहेत. आमच्या घरची गाडी महिन्याला साधारण ९०० किलोमीटर धावते. लिटरला १२ च्या हिशोबाने तिला ७५ लिटर पेट्रोल लागत असे. लिटरला १५ मिळू लागल्यावर त्याच ९०० किलोमीटरला ६० लिटर पुरतात. वाचले १५ लिटर, आणि पूर्वीच्या ७५ लिटरवर १५ म्हणजे २० टक्के. आता हाच हिशोब उलट्या बाजूने मांडा: पेट्रोल पूर्वीइतकेच, म्हणजे ७५ लिटर भरले, तर ९०० ऐवजी ११२५ किलोमीटर जाता येईल. हे २२५ किलोमीटर जास्तीचे, आणि ९०० वर २२५ म्हणजे आपले २५ टक्के. पण ते पदरात पाडून घ्यायचे तर गाडी तेवढी जास्त चालवावी लागते आणि मग पंपावरच्या बिलात एक रुपयाही वाचत नाही. ज्याला रोज त्याच ऑफिसला जाऊन परत यायचे आहे, त्याच्यासाठी अंतर ठरलेले असते आणि बदलतात ते लिटर.

मनात शंका राहिली असेल तर मोठा आकडा घेऊन ताळा करून पाहावा. अ‍ॅव्हरेज १२ वरून २४ झाले, तर वाढ १०० टक्के झाली. बचतही १०० टक्केच मानली तर गाडी पेट्रोलशिवाय चालायला हवी. प्रत्यक्षात ७५ लिटरच्या जागी साडेसदतीस लागतात, म्हणजे बचत निम्मी. याचे कारण असे की अ‍ॅव्हरेजमध्ये लिटर छेदात बसलेला आहे. अ‍ॅव्हरेज सव्वापट झाले की खप सव्वाने भागला जातो, आणि कोणत्याही संख्येला सव्वाने भागले की तिचा चार-पंचमांश उरतो. म्हणून वाढीच्या टक्क्यांना शंभर अधिक तेच टक्के यांनी भागावे: २५ भागिले १२५, म्हणजे २० टक्के. उलट जाताना आकडे जागा बदलतात. गाडी १५ वरून पुन्हा १२ वर आली तर अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांनी घटते आणि पेट्रोल मात्र २५ टक्क्यांनी जास्त लागते, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपला स्कूटरचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे भलेभले फसतात. ४० चे ५० झाले तरी वाढ २५ टक्के आणि बचत २० टक्केच. मात्र ९०० किलोमीटरला स्कूटरला आधी साडेबावीस लिटर लागत होते, आता १८ लागतील; वाचले साडेचार. गाडीत तीनच्या वाढीने १५ लिटर वाचले आणि स्कूटरवर दहाच्या वाढीने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे कमी. जिथे खप मुळात कमी, तिथे वाचायला शिल्लकच थोडे असते. युरोपात गाडीचा खप १०० किलोमीटरला किती लिटर असा सांगतात. त्या पद्धतीने आमची गाडी ८.३ वरून ६.७ वर आली आणि स्कूटर २.५ वरून २ वर. फरक वजाबाकीनेच कळतो आणि टक्केवारीही थेट २० येते. अमेरिकेतही गॅलनला किती मैल या आकड्याने लोकांची अशीच फसगत होते, हे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. अर्थात माझा सल्ला दोन्ही वाहने सारखीच धावतात असे धरून आहे. आपली गाडी महिन्याला २०० किलोमीटरच चालत असेल आणि स्कूटर ९००, तर गाडीत जेमतेम सव्वातीन लिटर वाचतील आणि आधी स्कूटरच बदलणे योग्य ठरेल. ही अट मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवी होती आणि आता ती घातली आहे.

वाढ लहान असेल तर दोन टक्केवाऱ्यांत फारसे अंतर पडत नाही: अ‍ॅव्हरेज ५ टक्क्यांनी वाढले तर बचत ४.७६ टक्के होते. टायरची हवा तपासून किंवा एअर फिल्टर बदलून मिळणाऱ्या फायद्यात मोजमापाचीच चूक याहून मोठी असते, कारण ३० लिटरची टाकी फुल करताना नोझल एक लिटर आधी बंद पडले तरी हिशोब तीन टक्क्यांनी हलतो. म्हणून एका टाकीवर निष्कर्ष काढू नये. शक्यतो एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथेच थांबून चार-पाच वेळा टाकी फुल करावी, मधले सगळे लिटर आणि सगळे किलोमीटर वेगवेगळे बेरजेत घ्यावेत आणि भागाकार शेवटी एकदाच करावा. प्रत्येक टाकीचे अ‍ॅव्हरेज काढून त्यांची सरासरी घेतली तर छेदातला लिटर पुन्हा तीच गडबड करतो: १०० किलोमीटर घाटात १० ने आणि १०० किलोमीटर सपाटीला २० ने गेलात, तर १५ लिटरमध्ये २०० किलोमीटर होतात आणि खरे अ‍ॅव्हरेज १५ नव्हे, १३.३ येते.