हप्ता पगारातून, नफा कर्जातून?

परवा रविवारी भाचा घरी आला होता. चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, हातात महिन्याला ५२ हजार येतात. चहा व्हायच्या आधीच त्याने मोबाईल पुढे केला. बँकेच्या ॲपवर ५ लाखांचं 'प्री-अप्रूव्ह्ड' पर्सनल लोन दिसत होतं. व्याज १४ टक्के, मुदत ५ वर्षं, कागदपत्रं काही नाहीत, दहा मिनिटांत पैसे खात्यात. "मामा, लोन १४ टक्क्यांनी मिळतंय. चांगला इक्विटी फंड १५ टक्के तरी देईल. मग घ्यायला काय हरकत आहे?"

त्याने नीट हिशेबही करून आणला होता. ५ लाख एकरकमी फंडात टाकायचे. १५ टक्क्यांनी ५ वर्षांत त्याचे १० लाख ५ हजार होतात. हप्ता ११,६३४ रुपये, म्हणजे ६० हप्त्यांत बँकेला एकूण जाणार ६ लाख ९८ हजार. वजाबाकी केली की ३ लाख ७ हजार निव्वळ नफा. आकडेमोड तंतोतंत बरोबर होती. मी दोनदा तपासली.

हाच हिशेब गेल्या दोन-तीन वर्षांत मी चार वेगवेगळ्या तरुण मुलांकडून ऐकलाय, म्हणून आज सविस्तर लिहितोय. चूक आकड्यांत नाही, तुलनेत आहे, आणि ती सहजासहजी दिसत नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, "हप्ता कुठून भरणार?"

"पगारातून."

हे उत्तर महत्त्वाचं आहे. फंडातले पैसे पाच वर्षं हलवायचे नाहीत आणि हप्ता दरमहा पगारातून जाणार. म्हणजे पाच वर्षं दरमहा ११,६३४ रुपये बाजूला काढायची त्याची ऐपत आहे, असं तो स्वतःच म्हणतोय. मग कर्ज न घेता तेच ११,६३४ रुपये दरमहा त्याच फंडात एसआयपीने टाकले तर? खिशातून जाणारी रक्कम तीच, मुदत तीच, फंडही तोच.

हिशेब तिथेच कागदावर मांडला. १५ टक्के परतावा धरला तर एसआयपीचे पाच वर्षांनी होतात साधारण १० लाख ४ हजार. कर्जवाल्या वाटेने १० लाख ५ हजार. भाचा कागदाकडे बघतच राहिला. ज्या तीन लाखांना तो कर्जातला नफा समजत होता, तो त्याच्या पगारातून दरमहा जाणाऱ्या पैशाचा नफा होता. कर्जामुळे त्यात हजारभर रुपयांची भर पडत होती.

आणि तेही प्रोसेसिंग फी न धरता. फी २ टक्के, म्हणजे १० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००. खात्यात जमा होणार ४ लाख ८८ हजार २०० आणि हप्ता मात्र पूर्ण ५ लाखांवर. फंडात तेवढेच जातील, आणि १५ टक्क्यांनी त्याचे होतील ९ लाख ८२ हजार. म्हणजे कर्ज काढणारा एसआयपीवाल्याच्या २२ हजार मागे. व्याज १४ आणि परतावा १५ असूनही.

असं का होतं? कर्जाचं १४ टक्के व्याज महिन्याच्या महिन्याला लागतं. वर्षाच्या भाषेत ते १४.९ टक्क्यांच्या पुढे जातं. त्यात फी मिसळली की १६ टक्क्यांच्या थोडं वर. फंडाचा १५ टक्के परतावा मात्र आपण वार्षिक भाषेत बोलतो. दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवले म्हणून १४ लहान आणि १५ मोठा दिसला. खरी बरोबरी साधायलाच फंडाने पाच वर्षं चक्रवाढीने वर्षाला १६ टक्क्यांहून जास्त द्यायला हवेत. त्याच्या वर जे मिळेल तिथून पुढे कर्जाचा फायदा सुरू होतो.

परतावा १२ टक्के आला तर? एसआयपीचे ९ लाख ३५ हजार, कर्जाच्या वाटेचे ८ लाख ६० हजार. पाऊण लाखाच्या आसपास नुकसान, आणि तेही बाजाराने बरं वागूनसुद्धा.

भाच्याने विचारलं, १८ टक्के आले तर? रास्त प्रश्न. तेव्हा कर्जवाला खरंच पुढे जातो: ११ लाख १७ हजार विरुद्ध १० लाख ७९ हजार, म्हणजे ३८ हजार जास्त. पण इथे कर येतो. एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटीवरच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे १२.५ टक्के कर आहे. कर्जवाल्याचा नफा कागदावर मोठा दिसतो, कारण त्याने ४ लाख ८८ हजारच गुंतवलेले असतात. एसआयपीवाल्याने ६ लाख ९८ हजार गुंतवलेले असल्याने त्याचा नफा लहान आणि करही कमी. पाचव्या वर्षाअखेर दोघांनी एकदम सगळं काढलं, तर कर्जवाल्याचा कर ३० हजारांच्या आसपास जास्त निघतो. ३८ हजारांतले उरले सात-आठ हजार. पाच वर्षं बाजाराने १८ टक्के दिले, एकही हप्ता चुकला नाही, नोकरी टिकली, आणि एवढ्या सगळ्याचे सात-आठ हजार. हे पाहून भाच्याचा आवाज खाली आला.

इथवर फक्त हिशेब झाला. माझी खरी काळजी वेगळी आहे.

माझ्या आधीच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याने जानेवारी २०२० मध्ये हेच केलं होतं. ५ लाखांचं पर्सनल लोन काढून सगळे पैसे निफ्टी इंडेक्स फंडात टाकले. निफ्टी तेव्हा १२,३०० च्या आसपास होता. माणूस अभ्यासू, सट्टेबाज अजिबात नाही. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद झाला. तेव्हा तो म्हणाला होता, "खाली आलंय, वर येईल. मी विकणार नाही." आणि तो मनापासून म्हणत होता.

एप्रिलमध्ये पगार ४० टक्के कापला. बायकोचे शिकवणी वर्ग बंद. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी तीन महिने आणि मग ऑगस्टपर्यंत. ती त्याने घेतली. पण ती फक्त मुभा होती, माफी नव्हती. त्या काळातलं व्याज मुद्दलात चढतच होतं. मे महिन्यात घरभाडं, आईची औषधं आणि मुलाची फी एकदम समोर आली. फंड विकला तेव्हा निफ्टी ९,१०० च्या जवळपास होता. हातात आले ३ लाख ६० हजार. कर्ज अजून पाच लाखांच्या आसपासच होतं. पुढची साडेचार वर्षं तो नसलेल्या गुंतवणुकीचे हप्ते भरत होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये निफ्टी जानेवारीच्या पातळीच्या वर गेला. म्हणजे बाजाराबद्दल तो बरोबर होता! त्याचा अंदाज खरा ठरला, फक्त तोवर थांबायची सोय त्याच्याकडे राहिली नव्हती. मला ही गोष्ट आजही लागते, कारण त्याची चूक झाली असं मला म्हणवत नाही. शेअर बाजारातला जास्त परतावा हा मुळात थांबण्याचा मोबदला आहे, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता असलेल्या माणसाने थांबण्याचा हक्कच गहाण टाकलेला असतो.

यात आणखी एक गाठ आहे. बाजार कोसळतो आणि पगार कापले जातात, या दोन गोष्टी बहुतेकदा एकाच वेळी होतात, कारण दोन्हींमागचं कारण एकच असतं. २००८ मध्ये हेच झालं. निफ्टी जानेवारीत ६,२०० च्या वर होता, २७ ऑक्टोबरला २,५०० च्या घरात आला, आणि जानेवारीची पातळी परत गाठायला २०१० उजाडलं. आयटीतल्या कित्येकांच्या नोकऱ्या त्याच काळात गेल्या. म्हणजे हप्ता जड जातो नेमका तेव्हाच फंड विकणंही तोट्याचं ठरतं.

एसआयपी बंद ठेवता येते. दोन महिने भरली नाही तर कुणी फोन करत नाही, सिबिलला कळत नाही. हप्ता चुकला की बाऊन्सचा दंड, वर थकबाकीचं व्याज, सिबिल स्कोअर खाली, आणि वसुलीवाल्यांचे फोन कधीकधी ऑफिसपर्यंत. भाच्याला मी हाच फरक विचारला: "मग दरमहा ११,६३४ ची एसआयपी आत्ता सुरू कर की." तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "मामा, एवढे नाही जमणार. सात हजार जमतील." म्हणजे स्वतःसाठी साठवायला जे पैसे नव्हते, ते बँकेला द्यायला होते, असा त्याचा हिशेब होता. हप्त्याच्या धाकाने तरी बचत होईल, असं काही जण म्हणतात. पण तो धाक पगार कापला गेला तरी कमी होत नाही.

जे एफ अँड ओसाठी, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांसाठी, असं कर्ज काढतात त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. सेबीनेच २०२४ मध्ये तीन वर्षांचा अभ्यास मांडला होता, त्यात १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.

कुणी म्हणेल, गृहकर्ज चालू असताना आपण एसआयपी करतोच ना? ते वेगळं आहे. त्याचा दर बराच कमी असतो, मुदत पंधरा-वीस वर्षांची असते आणि ते कर्ज घरासाठी काढलेलं असतं, बाजारासाठी नाही. पर्सनल लोन चालू असेल, तर मात्र मी आधी तेच फेडतो. १४-१५ टक्क्यांची खात्रीची बचत दुसरीकडे कुठे मिळणार?

एक व्यवहाराची गोष्ट सगळ्यांनी करावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांना, कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, फी धरून कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं तो. ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो व्याजदर, हा आकडा सहसा पानाच्या तळाशी असतो. भाच्याच्या कागदावर व्याज १४ होतं आणि एपीआर १५.०८. तो आकडा महिन्याच्या चक्रवाढीने वर्षाचा केला की वरचे १६ टक्के येतात. त्याच पानावर कर्ज मुदतीआधी बंद करायचं शुल्कही लिहिलेलं असतं. पर्सनल लोन बहुतेक स्थिर दराचं असतं आणि ते लवकर बंद करायला अनेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात, तेव्हा "नको वाटलं तर फेडून टाकू" हेही फुकट नसतं.

भाच्याने सात हजारांची एसआयपी सुरू केलीय, १० तारखेची, पगार झाल्यावर. तुमच्यापैकी कुणाकडे अशी ऑफर आली असेल आणि मन होत असेल, तर रक्कम, हप्ता, मुदत आणि फी एवढं कमेंटमध्ये लिहा. तेवढ्याच हप्त्याच्या एसआयपीशी तुलना करून मी आकडे देतो, मग ठरवा.