भाकरीचा तक्ता

आमच्या मशीन शॉपच्या भिंतीवर एक तक्ता आहे. डावीकडे माणसांची नावं, वर कामांची नावं आणि प्रत्येक चौकटीत एक गोळा. गोळ्याचे चार भाग. काम नुसतं शिकवून झालंय तर एक भाग काळा, कुणाच्या नजरेखाली जमतं तर दोन, एकट्याला जमतं तर तीन, आणि दुसऱ्याला शिकवण्याइतकं येतं तर अख्खा गोळा काळा. या तक्त्याचं अधिकृत नाव ‘स्किल मॅट्रिक्स’. पण शॉपमध्ये त्याला कुणी त्या नावानं हाक मारत नाही. ‘चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी’ अशा हिशोबानं तो झाला भाकरीचा तक्ता. “सायेब, माझी अर्धी भाकरी कुणी खाल्ली?” असं लोक मला विचारतात.

हा तक्ता इतकी वर्षं शोभेपुरता होता. दर ऑडिटच्या आदल्या रात्री मी काळा मार्कर घेऊन दोन-चार भाकऱ्या भाजायचो, झालं. या खेपेला शेठनी फर्मान काढलं, “कोणाला किती यायला पाहिजे, किती येतं, फरक किती, आणि आधी कोणाला शिकवायचं त्याचा नंबर. एक्सेलमध्ये. कस्टमरचा ऑडिटर मागणार आहे.” खरं सांगायचं तर आयएसओ 9001 च्या ज्या 7.2 कलमावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यात ‘मॅट्रिक्स’ हा शब्दच नाही. कामाला कोणती लायकी लागते ते ठरवा, माणसात ती आहे का बघा, नसेल तर काहीतरी करा, केल्याचा उपयोग झाला का तपासा आणि पुरावा ठेवा, एवढंच तिथे म्हटलंय. पण भोसरीत पुरावा म्हणजे एक्सेल.

आमचं काम छोटं आहे. सीएनसी लेथवर एक हाउसिंग बनतं, त्यात 32 मिलिमीटरचं बोअर, म्हणजे गोल भोक. ते 32.000 च्या खाली जाता कामा नये आणि 32.025 च्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळा संसार पंचवीस मायक्रॉनात करायचा. या मशीनवर तीन माणसं. सेटर मामा, ज्यांनी माझ्यासकट सगळ्यांना शिकवलं. बारक्या, आयटीआय करून आठ महिन्यांपूर्वी आलेला. आणि दाजी, डिप्लोमा झालेले, रात्रपाळी एकट्याच्या बळावर काढणारे. (ते कुणाचे दाजी आहेत ते आता कुणालाच आठवत नाही.)

मी म्हटलं, आपण लोकशाही मार्गानं जाऊ. ज्याचं त्यानं भरावं. सहा कामं लिहून दिली: ड्रॉइंग वाचणं, सेटिंग, ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेला मापाचा आकडा सुधारणं, बोअर गेजनं भोक मापणं, नोंदी, आणि फाइव्ह एस म्हणजे टापटीप. प्रत्येकापुढे शून्य ते चार लिहा.

बारक्यानं सहाच्या सहा ठिकाणी चार लिहिले, आणि पेन परत देताना विचारलं, “पाच नसतात का?” मामांनी चष्मा वर-खाली करून सगळीकडे दोन लिहिले. म्हटलं, मामा, सेटिंगला दोन? “माउलीच्या कृपेनं जमतं तेवढं जमतं. अख्खं कुणाला येतं?” मी आकडे भरले, हवं ते वजा आहे ते केलं, बेरीज मारली. मामांची तफावत निघाली नऊ. बारक्याची उणे आठ. प्रशिक्षणाची सर्वांत जास्त गरज मामांना, आणि त्यांना शिकवायला सर्वांत लायक माणूस बारक्या, असं माझ्या तक्त्यानं रंगीत सेलमध्ये जाहीर केलं. शेठनी ते पाहिलं आणि काही न बोलता चहा मागवला. हे त्यांचं रागावणं.

लोकशाही बरखास्त केली आणि माझे मीच मार्क दिले. आता मामांची तफावत उरली फक्त नोंदी आणि फाइव्ह एस मध्ये, दोन-दोनची. (मामांच्या ड्रॉवरमध्ये इन्सर्टच्या डब्या, ॲलन की, तुळशीची माळ आणि 2019 चं कॅलेंडर एकत्र नांदतात.) बारक्या जमिनीवर आला, तफावत सहा. आणि दाजींची उणे एक.

उणे एक म्हणजे दाजी गरजेपेक्षाही हुशार! मला बरं वाटलं. रात्रपाळीची चिंता मिटली. दोन दिवस मी त्या आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता सहज आडवी ओळ वाचली. दाजींना ड्रॉइंगला हवे होते दोन, होते चार. नोंदींना हवे तीन, होते चार. आणि बोअर गेजला हवे तीन, होता एक! म्हणजे जास्तीचं ड्रॉइंग आणि सुंदर अक्षर यांनी मिळून बोअर गेजचं भोक बुजवून टाकलं होतं. भाजी खारट झाली म्हणून भातात साखर घालावी आणि जेवण बरोबर झालं म्हणावं, तसला हा हिशोब. एकातलं जास्तीचं दुसऱ्यातल्या कमीला चालत नाही. म्हणून वजाबाकी शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि मग त्या कामाच्या वजनानं गुणायचं:

```
=MAX(0, C4-D4)*C$2
```

वर C2 मध्ये वजन. बोअर गेज, सेटिंग, ऑफसेट यांना तीन, कारण यात चुकलं तर माल परत येतो. ड्रॉइंगला दोन. नोंदी आणि फाइव्ह एस ला एक. फाइव्ह एस ला एक दिल्याबद्दल शेठ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण ड्रॉवरमधल्या माळेमुळे आजवर एकही हाउसिंग रिजेक्ट झालेलं नाही.

नवा क्रम आला: बारक्या चौदा, दाजी सहा, मामा चार. मामा शेवटी गेले, तक्ता शहाणा झाल्यासारखा दिसायला लागला. पण बारक्याचे चौदा चार-पाच कामांतून ठिबकून जमलेले, आणि तो दिवसपाळीला मामांपासून सहा फुटांवर उभा असतो. तो चुकला तर मामा तिथूनच ओरडतात. दाजींचे सहाच्या सहा एकाच भोकातले, आणि रात्री दोन वाजता ओरडायला कुणी नसतं. माणसाची बेरीज करून नंबर लावला की हे दिसत नाही. मग मी माणसं सोडली आणि एकेक चौकट क्रमानं लावली. पहिल्या नंबरवर दोन चौकटींची बरोबरी, दोन्ही बोअर गेजच्या. त्यात दाजी वर.

तरी एक शंका होती. दाजींना मी एक मार्क दिला होता तो कशावरून? कुणीतरी म्हणालं म्हणून. तेव्हा परीक्षा घ्यायचं ठरवलं. एकच पीस, तोच गेज, रिंगवर शून्य लावलेला. प्रत्येकानं तीनदा मापायचं, आधीचं वाचन न बघता.

मामांनी गेज बोअरमध्ये सोडला आणि देव्हाऱ्यात घंटी हलवावी तसा हळूच पुढे-मागे डोलवला. काटा खाली येतो, एका जागी थबकतो, परत वर जातो. जिथे थबकतो तेच खरं माप. तिथे गेज सरळ उभा असतो, जरा कलला की तिरकं अंतर मोजतो आणि बोअर मोठं दाखवतो. मामांची वाचनं, 32 च्या वर: 12, 12, 13 मायक्रॉन. दाजींनी गेज आत घातला, हात स्थिर धरला (“हललं की चुकतं ना साहेब”) आणि वाचलं: 19, 31, 24.

एकतीस! चांगला पीस त्यांच्या हिशोबानं मोठा. रात्री असं वाचन आलं असतं तर दाजींनी मधल्या बारावर यायला प्रामाणिकपणे ऑफसेट एकोणीस मायक्रॉन खाली आणला असता, आणि पुढचा प्रत्येक पीस बत्तीसच्या सात मायक्रॉन आत गेला असता. कस्टमरकडे पिन बोअरच्या तोंडाशी येऊन थांबली असती, सासरी निघालेल्या मुलीसारखी.

मग एवढे दिवस माल परत कसा आला नाही? मी रात्रपाळीच्या नोंदी काढल्या. काय अक्षर! टपोरं, समासात बसलेलं. आणि दर तासाला 12, 12, 12, 12. पाढा म्हणावा तसं. दिवसपाळीच्या मामांच्या चुरगळलेल्या कागदावर 9, 14, 11, मध्येच चहाचा डाग. खऱ्या मापात इकडे-तिकडे होतंच, कापणारा इन्सर्ट झिजतो, मशीन तापतं. रात्रभर एकच आकडा येत असेल तर गेज डब्यातून बाहेरच निघालेला नाही. दाजींना विचारलं. ते म्हणाले, “मामा सेटिंग लावून जातात ते बरोबरच असतं की.” आमची अब्रू वाचली होती ती त्यांनी मापलं नाही म्हणून. आणि याच नोंदींना मी चार मार्क दिले होते, अख्खी भाकरी!

यानंतर मी एक उभी बेरीज टाकली, जी खरं तर पहिल्या दिवशी टाकायला हवी होती. प्रत्येक कामाखाली, तीन किंवा जास्त मार्कांची माणसं किती. सेटिंग: एक. बोअर गेज: एक. दोन्हीकडे तेच एक, मामा. आडवं बघितलं तर मामा सर्वांत शेवटी, प्रशिक्षणाची घाई नाही. उभं बघितलं तर मामांना सर्दी झाली तरी शॉप बंद.

आणि मामांना सर्दी होत नाही, मामा वारीला जातात. दरवर्षी, आळंदीपासून पायी, तीन आठवडे. ऑडिटची तारीख बघितली. ज्येष्ठ संपता संपता. मी कॅलेंडरकडे बघतच राहिलो.

निघायच्या आधी मामांनी तीन संध्याकाळी दाजींना आणि बारक्याला बोअर गेजवर बसवलं. शिकवणं असं: “हलव. अजून हलव. काटा माघारी कुठं फिरला? तिथं वाच. पायरीवर पाय ठेवून माघारी फिरतोस ना, तसा फिरतो तो.” चौथ्या दिवशी परत तीन-तीन वाचनं. दाजी 12, 13, 12. बारक्या 13, 11, 12. मी दोघांच्या पाऊण-पाऊण भाकऱ्या काळ्या केल्या आणि खाली तारीख टाकली.

ऑडिटर आला. तक्ता पाहिला, सूत्र पाहिलं, मान हलवली. शॉपमध्ये जाऊन दाजींच्या हातात गेज दिला. दाजींनी असा डोलवला की पाहत राहावं. “कोणी शिकवलं?” “मामांनी.” “कुठे आहेत?” बारक्या म्हणाला, “आज लोणंदला असतील, साहेब.” ऑडिटरला वाटलं आमचं तिकडे दुसरं युनिट आहे.

मग तो माझ्याकडे वळला. “हे मार्क कोणी दिले?” मी छाती काढून म्हटलं, मी. “मग तुमची ओळ कुठाय?” आणि त्यानं गेज माझ्या हातात दिला.

दाजी, बारक्या आणि शेठ, तिघांच्या देखत मी गेज आत घातला. हात स्थिर धरला. वाचलं, “एकवीस.”

बारक्या हळूच म्हणाला, “सायेब, हलवा.”

त्या संध्याकाळी तक्त्यात चौथी ओळ वाढली, माझी. तिच्यापुढे बोअर गेज: हवे तीन, आहे एक. प्राधान्य: पहिला. प्रशिक्षक: मामा. तारीख: आषाढी झाल्यावर.