दोष केबलचा नव्हता, दोन लेनचा होता

दोन शनिवार, तीन केबल आणि साडेतीन हजार रुपये. एवढं घालवल्यावर मला कळलं की केबलमध्ये काही बिघाड नव्हताच. संताप याचा आहे की जे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, ते ना खोक्यावर लिहिलेलं होतं, ना दुकानदाराला ठाऊक होतं.

मी घरून काम करते. ऑफिस हिंजवडीत, घर कोथरूडला, आठवड्यातून दोनदा जाते. बाकीचे दिवस मुंगीएवढ्या आकड्यांच्या ड्रॉइंग्जकडे आणि लांबलचक एक्सेल शीट्सकडे बघण्यात जातात. म्हणून तपकीर गल्लीतून २५६० बाय १४४० चे दोन मॉनिटर आणले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लॅपटॉपमधून एकच यूएसबी-सी वायर पहिल्याला लावा, पहिल्यातून डिस्प्लेपोर्टची वायर दुसऱ्याला. चार्जिंगपण त्याच वायरीत. टेबलावर पसारा नाही." खोक्यावरही डेझी चेन, एमएसटी असं ठळक छापलेलं, म्हणजे लॅपटॉपच्या एकाच पोर्टातून एकामागून एक पडदे जोडायची सोय.

पहिल्या मॉनिटरच्या मेनूत एमएसटी चालू केलं, चेनच्या शेवटच्यावर बंद ठेवलं. दोन्ही पडदे लागले. पण दुसऱ्यावर १९२० बाय १०८० च्या वर काही मिळेना, आणि तेही फक्त ३० हर्ट्झवर. माउसचा बाण पहिल्या पडद्यावरून दुसऱ्यावर गेला की अडखळत सरकायचा. शीटमधला 3 कुठला आणि 8 कुठला, हे मान पुढे काढून बघावं लागायचं, कारण १४४० रेघांच्या पडद्यावर १०८० रेघा ताणल्या की अक्षरांच्या कडा पसरतात. असल्या पडद्यावर मी आठ तास काम करायचं?

परत दुकानात. "केबल बदलून बघा मॅडम, ही साधी आहे." घेतली. तेच. "८के वाली घ्या." घेतली. तेच! तिसरी मी स्वतःच मागवली, कारण तोवर माझाही विश्वास बसला होता की वायरीतच खोट असणार. एकानेही विचारलं नाही की बाई, तुमच्या लिंकवर किती लेन, म्हणजे चित्र वाहून नेणाऱ्या तारांच्या किती जोड्या, चालू आहेत?

खरी गोष्ट सापडली ती अशी. एका रात्री वैतागून मी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिला मॉनिटर डिस्कनेक्ट केला. त्याचं बटण बंद केलं नाही, नाहीतर चेनच तुटली असती. फक्त त्यावर चित्र पाठवणं थांबवलं. आणि दुसऱ्या पडद्यावर त्याच क्षणी २५६० बाय १४४०, ६० हर्ट्झ, लख्ख! केबल तीच, पोर्ट तेच. वायर खराब असती तर हे झालंच नसतं. म्हणजे दोघांना मिळून वाट अपुरी पडत होती. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. दुकानात मांडलेल्या मॉनिटरवर कुणीही करून दाखवू शकलं असतं.

मग हिशेब मांडला. माझा लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.४ चा, पण मॉनिटर १.२ वाला, आणि लिंक दोघांतल्या कमी क्षमतेच्या वेगावर ठरते. १.२ मध्ये एका लेनचा वेग सेकंदाला ५.४ गिगाबिट. त्यातल्या दर दहा बिटांतले दोन सांकेतिक मांडणीत जातात, म्हणून चित्रासाठी उरतात ४.३२. चार लेन असतील तर १७.२८. पण यूएसबी-सीच्या वायरीत वेगवान जोड्या चारच असतात आणि त्या चित्र आणि यूएसबी डेटा या दोघांत वाटायच्या असतात. माझ्या मॉनिटरच्या मेनूत, तीन पायऱ्या खाली, एक पर्याय `High Data Speed` वर ठेवून पाठवलेला होता. म्हणजे दोन जोड्या मॉनिटरच्या यूएसबी हबला, आणि चित्राला उरल्या दोन. ८.६४ गिगाबिट. एमएसटीमध्ये वेळेच्या ६४ खाचांपैकी एक खाच नियंत्रणाच्या माहितीसाठी राखीव, म्हणून प्रत्यक्षात साडेआठ.

आता एका पडद्याची भूक बघा. लोक २५६० गुणिले १४४० गुणिले ६० गुणिले दर पिक्सेलचे २४ बिट करतात आणि ५.३ गिगाबिट म्हणून मोकळे होतात. चूक. प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी न दिसणारे पिक्सेलही पाठवावे लागतात, तोही वेळ लिंकवरच मोजला जातो. ते धरून पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवायचा वेग, २४१.५ मेगाहर्ट्झ होतं आणि त्याला २४ ने गुणलं की आकडा जातो ५.८ वर. दोन पडद्यांचे ११.६. साडेआठात कसे मावणार? पहिल्याने ५.८ घेतले, दुसऱ्याला उरले २.७. पूर्ण एचडी ६० हर्ट्झलाही सव्वातीनच्या वर लागतात. म्हणून बिचारा ३० वर येऊन बसला होता.

तो पर्याय `High Resolution` वर नेला. पडदे एकदा काळे झाले, आणि दोन्हीवर पूर्ण रिझोल्यूशन, ६० हर्ट्झ. दहा सेकंदांचं काम!

पण फुकट नाही मिळालं हेही ऐका. चारही जोड्या चित्राला गेल्यावर मॉनिटरचा हब यूएसबी २.० वर घसरला, म्हणजे ४८० मेगाबिट. त्याला लावलेल्या एसएसडीवरून ड्रॉइंग्जचा बॅकअप आता सेकंदाला जेमतेम ४० मेगाबाइटने जातो. मॉनिटरमधून घेतलेली लॅनही गिगाबिटची राहिली नाही. म्हणून एसएसडी लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला आली, लॅनसाठी वेगळा अडॅप्टर आला, आणि ज्या "एकच वायर"साठी मी हे सगळं घेतलं, तिथे आता तीन वायरी लोंबतायत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे छापा. ३० पानी पीडीएफच्या तळाशी बारीक अक्षरात नको, खोक्यावर छापा: दोन लेनवर असे किती पडदे, चार लेनवर किती. मॉनिटर ८.१ गिगाबिटच्या लेनवाला असता, तर दोन लेनमध्येसुद्धा पावणेतेराच्या आसपास मिळाले असते. माझे ११.६ त्यात बसले असते आणि हबचा वेगही शाबूत राहिला असता. हे मला खरेदीच्या वेळी सांगितलं असतं तर थोडे जास्त पैसे देऊन मी तोच घेतला असता. ज्याला विकताना एमएसटी हा शब्द उच्चारता येतो, त्याला लेन हा शब्द माहीत असायलाच हवा. ग्राहकाचे शनिवार रस्त्यावर पडलेले नसतात.

परवा केबल परत करायला गेले. दोन घेतल्या, एक "उघडलेली आहे" म्हणून घेतली नाही. वर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, ऑफर चालू आहे, अजून एक मॉनिटर घेऊन टाका, चेनमध्ये तिसरा लागतो." मी त्याच्याच बिलबुकावर लिहून दाखवलं. ५.३ तिप्पट केले तर सोळा होतात, सतरात बसल्यासारखे वाटतात. पण खरे ५.८ तिप्पट केले की १७.४ होतात, आणि चारही लेन मिळून हातात येतात १७. तिसरा लागेल, पण पूर्ण रिझोल्यूशनवर ६० हर्ट्झने नाही लागणार. त्याने कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "मग केबल चांगली घेतली तर?"