काटछाटीने सारांश शिकवता येतो का?

"मॅडम, तुमच्या पद्धतीने मुलं फक्त वाक्यं खोडायला शिकतील. नववीच्या मुलांनी सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. उतारा समजावून सांगा, पुस्तक मिटायला लावा आणि लिहू द्या."

नमस्कार सर. आधी पुस्तक मिटलं, तर मुलांच्या डोक्यात मुद्द्याआधी चटकदार दाखला येतो, म्हणून मी खोडण्यापासून सुरुवात करते. वर्गात वापरलेला हा ५४ शब्दांचा उतारा पाहा.

"खारफुटीची झाडं खाडीच्या काठावर, भरती-ओहोटीच्या चिखलात वाढतात. त्यांची मुळं चिखलातून वर आलेली असतात, जणू कुणी जमिनीत पेन्सिली रोवून ठेवल्यात. या मुळांच्या जाळ्यात लाटांचा जोर कमी होतो आणि गाळ अडकतो. त्यामुळे किनाऱ्याची धूप कमी होते. कोळंबी, खेकडे, बोईट अशा अनेक जलचरांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. म्हणून खारफुटी तोडली, की किनारा ढासळतो आणि मासळीही घटते."

सारांश उताऱ्याच्या एक तृतीयांश हवा, म्हणजे १८ शब्द. पहिल्या फेरीत फक्त उपमा जाते, पेन्सिली गेल्या. दुसऱ्या फेरीत उदाहरणांची यादी जाते, 'अनेक जलचर' एवढंच उरतं. उरले ४४ शब्द. इथवर सगळ्यांना जमतं.

तिसऱ्या फेरीत मुलं मुळांचं वाक्य पूर्ण खोडतात आणि पुढचं 'या मुळांच्या' लटकतं. कोणत्या मुळांच्या? 'या', 'त्यामुळे', 'म्हणून' हे शब्द ज्याकडे बोट दाखवतात ते खोडलं गेलं, की काट चुकली हे मुलांना स्वतःच दिसतं. मग ती 'या'च्या जागी 'खारफुटीच्या' लिहितात. अशी खूण पुस्तक मिटून लिहिताना मिळत नाही. काहीजण शेवटचं वाक्य 'तेच तेच आहे' म्हणून उडवतात. तेव्हा मी विचारते, लेखकाने हे सगळं कशासाठी सांगितलं? उत्तर त्याच वाक्यात आहे, त्यामुळे ते परत येतं.

आता ३८ शब्द उरतात आणि खोडण्यासारखं काहीच नसतं. तुमचं म्हणणं मला इथे पूर्ण पटतं. याच टप्प्यावर मी उतारा पालथा ठेवायला लावते, कारण पुढचं काम जोडण्याचं आहे. एका मुलीने लिहिलं:

"खारफुटीच्या मुळांमुळे किनाऱ्याची धूप कमी होते आणि जलचरांच्या पिल्लांना आसरा मिळतो, ती तोडल्यास किनारा आणि मासळी धोक्यात येतात."

बरोबर १८ शब्द. 'आसरा' आणि 'धोक्यात' उताऱ्यात नाहीत. दोन-दोन वाक्यं एकात बसवायची म्हटल्यावर तिला ते शोधावेच लागले. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं नुसतं सांगितलं, तर हीच मुलं 'झाडं'चं 'वृक्ष' करतात आणि लांबी तेवढीच राहते.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत मी वापरत नाही. प्रसंग सांगणाऱ्या उताऱ्यात मुख्य मुद्दा बहुधा कोणत्याच वाक्यात लिहिलेला नसतो. तिथे कापत गेलं, तर नुसत्या घटनांचा सांगाडा हाती येतो. असा उतारा असला, की 'काय घडलं आणि त्याने काय बदललं' हे मुलांकडून आधी तोंडी वदवून घेते, मग पेन हातात.