पोराला चोर म्हणण्याआधी लॉगिन स्क्रीन बघा

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. आवाज पार बसलेला. कार्डाचं स्टेटमेंट उघडलं तर मुलाने गेम खेळायच्या कन्सोलवरून पंधरा दिवसांत अकरा वेळा खरेदी केलेली. मुलगा दहा वर्षांचा. तिने त्याला घरच्या चार माणसांसमोर "चोर" म्हटलं, कन्सोल माळ्यावर टाकला आणि आता पोरगं सकाळपासून जेवलेलं नाही.

फोन ठेवल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण हाच शब्द गेल्या वर्षी मी माझ्या धाकट्याला वापरला होता. आणि त्याने मला जे उत्तर दिलं ते अजून कानात आहे. रडत रडत म्हणाला, "आई, मी फक्त तुझ्या चित्रावर दाबलं. त्याने मला काहीच विचारलं नाही."

खरंच विचारलं नव्हतं. आमच्याकडे सोनीचा PS5 कन्सोल आहे. सुरू केला की स्क्रीनवर चित्रं येतात, कोण खेळणार ते निवडायला. आमच्या स्क्रीनवर दोन होती. एक माझं, एक त्याचं डायनासोरवालं. डायनासोरच्या मागे मी एक अख्खा रविवार घालवला होता. रोजची वेळ ठरवली, महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य केली, वयाचं बंधन घातलं आणि मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत सुटले की आमच्याकडे सगळं कंट्रोलमध्ये आहे. आणि माझं चित्र? त्याला ना पासकोड, ना काही. आत कार्ड सेव्ह केलेलं. म्हणजे तिजोरीला तीन कुलुपं लावली आणि शेजारचं दार सताड उघडं ठेवलं.

ही एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि म्हणूनच मी आज एवढं लिहितेय. PS5 वर वेळ, खर्च आणि वय ही तिन्ही बंधनं मुलाच्या अकाउंटला लागतात. मशीनला नाही, मुलालाही नाही. मूल दुसऱ्या अकाउंटमध्ये शिरलं की बंधनं तिथेच मागे राहतात. प्रत्येक कन्सोलचं असंच असतं असंही नाही. निन्टेंडो स्विचवर रोजच्या वेळेची मर्यादा सबंध कन्सोलला लागते, घरात कोणीही खेळो. म्हणून "आमच्या बहिणीकडे असं केलंय, तुम्हीही तसंच करा" हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. आधी मशीन कुठलं ते विचारा.

आता कोणी म्हणेल, मुलाला कळायला नको का, की आईचं अकाउंट वापरू नये? कळायला हवं. मान्य. पण तो माझ्या चित्राकडे का गेला हे मी तेव्हा विचारलंच नाही. दोन दिवसांनी, राग उतरल्यावर विचारलं. तर म्हणे, "माझी टीम तिकडे आहे."

कन्सोल आणला तेव्हा घाई होती. पोरं उड्या मारत होती. मी माझ्या अकाउंटने सुरू केलं आणि रिमोट त्याच्या हातात दिला. तीन महिने तो माझ्याच अकाउंटवर खेळला. त्याची फुटबॉलची टीम, एकेक करून जमवलेले खेळाडू, सगळं माझ्या अकाउंटला चिकटलं. मग मला जाग आली आणि मी डायनासोर बनवला. डायनासोरमध्ये गेलं की सगळं शून्यापासून. एका अकाउंटचा सेव्ह, म्हणजे गेममध्ये आतापर्यंत जमवलेलं सगळं, दुसऱ्या अकाउंटवर नेता येत नाही. सात वर्षांच्या पोराला तुम्ही सांगता की तुझी तीन महिन्यांची मेहनत गेली, आता हे नवीन घे, तर तो जुन्याकडेच जाणार ना! त्यात चोरी कुठे आली?

म्हणून मुलाचं अकाउंट पहिल्या दिवशी, पहिला गेम सुरू व्हायच्या आधी काढा. पोरं कितीही उड्या मारू देत.

आणि जन्मतारीख खरी घाला! इथे मला मैत्रिणीचा खरंच राग आला. "मुलाचं अकाउंट म्हटलं की फार कटकट, परवानग्या मागतं" म्हणून तिने मुलाच्या अकाउंटला स्वतःचं जन्मवर्ष घातलं होतं. झालं. कन्सोलच्या लेखी घरात दहा वर्षांचं कोणी नाहीच. मोठ्या माणसाच्या अकाउंटला पालकांचं बंधन लागत नाही, आणि ती तारीख नंतर सहज बदलताही येत नाही. मुलासाठी नवीन अकाउंट काढायचं, म्हणजे पुन्हा तीच रडारड, टीम गेली, सगळं गेलं. पाच मिनिटं वाचवायला गेली आणि पोराला चोर ठरवून बसली.

मी माझं उघडं दार कसं बंद केलं ते सांगते. आधी माझ्या अकाउंटला Login Settings मध्ये चार आकडी पासकोड लावला. मग Require Password at Checkout चालू केलं, म्हणजे माझ्या अकाउंटवरून काहीही घ्यायचं तर दर वेळी पासवर्ड टाकावा लागतो. त्यानंतर Family and Parental Controls मध्ये जाऊन PS5 Console Restrictions उघडलं. इथे User Creation and Guest Login नावाची एक ओळ आहे, ती बंद केली. नाहीतर मूल पाहुणा म्हणून आत येतं किंवा स्वतःच नवीन चित्र बनवतं, आणि त्या नवीन चित्राला तुमचे नियम माहीतच नसतात. ह्या पानात शिरायला जो पासकोड लागतो तो मुळात 0000 असतो. बदलला नसेल तर आत्ता उठा आणि बदला. हो, पोरं मागे उभी राहून आकडे पाठ करतात, माझ्याही पोराने एकदा केले. मग मी पुन्हा बदलले. काय करणार.

एवढं झालं तेव्हा कुठे डायनासोरवरच्या बंधनांना अर्थ आला. पण तिथेही माझं चुकलं होतंच.

वेळेचं घ्या. मी रोज एक तास ठेवला होता. तरी तो दीड-दीड तास खेळायचा आणि मला कळेना हे होतंय कसं. एकदा शेजारी बसून बघितलं. तास संपला, कोपऱ्यात एक पाटी आली, त्याने ती बघितलीसुद्धा नाही आणि पाटी निघून गेली. When Playtime Ends मध्ये दोन पर्याय असतात. Notify Only म्हणजे नुसतं सांगणार. Log Out of PS5 म्हणजे खरंच बाहेर काढणार. आमच्याकडे पहिला होता. महिनाभर मशीन त्याला अगदी सभ्यपणे सांगत होतं आणि मी त्याच्यावर ओरडत होते.

मग दुसरा पर्याय लावला तर पहिल्याच दिवशी घरात भूकंप. मॅच ऐन रंगात आली असताना बाहेर फेकला गेला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आता वाटतं, मी तरी त्याच्या जागी काय केलं असतं? मॅच साधारण पंधरा मिनिटांची. पंचावन्नाव्या मिनिटाला सुरू केली की ती तुटणारच, आणि समोर खेळणाऱ्याचाही विचका. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. वेळ एक तासाऐवजी 75 मिनिटं, पण 60 मिनिटं झाली की नवीन मॅच सुरू करायची नाही. Duration and Playable Hours मध्ये दिवसाला किती आणि किती ते किती, हे वेगवेगळं ठरवता येतं, वारानुसारसुद्धा. शाळेच्या दिवशी आमची खिडकी संध्याकाळी 5 ते 7:30. हे दोन्ही हवंच. नुसती मिनिटं ठेवली तर 75 मिनिटं रात्री दहाला सुरू होतात. आणि कधी खरंच फायनल असेल तर तो जादा वेळ मागतो आणि मी फोनवरून देते. त्या दिवसापासून भांडण नाही असं म्हणणार नाही, पण रोजचं नाही.

आता वयाचं बंधन. ह्यावर लोक सगळ्यात जास्त विश्वास टाकतात आणि तो नको तिथे टाकतात. मैत्रीण फोनवर सारखी म्हणत होती, "अगं पण गेम तर लहान मुलांचाच आहे, 3 लिहिलंय त्यावर!" गेम कुठल्या वयाला चालेल ते ठरवणाऱ्या युरोपातल्या PEGI चे आकडे 3, 7, 12, 16, 18 असे असतात. ते सांगतात आत मारामारी किती, शिव्या किती, भीती किती. आत दुकान किती मोठं आहे हे तिच्या डब्यावरचा तो 3 सांगत नाही. त्यासाठी 2018 पासून PEGI ने डब्यावर वेगळी खूण सुरू केली, In-Game Purchases अशी, आणि ती कोणी बघत नाही. चेंडू लाथाडण्यात हिंसा नसते म्हणून त्या फुटबॉलला 3 मिळाला. पण त्याच गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकायला असतात, आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. वयाची चाळणी पाकीट अडवत नाही. पाकीट अडवते फक्त खर्चाची मर्यादा. दोन वेगळी कुलुपं आहेत, एक लावून दुसरं लागत नाही.

आणि ती मर्यादा. मुलाचं अकाउंट पैसे खर्च करतं ते पालकाच्या अकाउंटमधल्या वॉलेटमधून, Monthly Spending Limit मध्ये लिहिलेल्या रकमेपर्यंत. शून्य ठेवलं तरी फुकटचे गेम मुलाला उतरवता येतात, अर्थात वयात बसणारे. मी वर्षभर शून्यच ठेवलं. ह्या वर्षीपासून थोडी रक्कम ठेवली आहे, महिन्याला एका पाकिटापुरती. पहिल्या महिन्यात त्याने पहिल्याच दिवशी उडवली आणि उरलेले दिवस तोंड पाडून बसला. दुसऱ्या महिन्यात वीस तारखेपर्यंत थांबला. काही जण म्हणतील की पाकिटांची सवयच कशाला लावायची. बरोबर असेल त्यांचं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. कन्सोल माळ्यावरून खाली आला. तिने खऱ्या तारखेचं नवीन अकाउंट काढलं, स्वतःच्या आणि पोराच्या जुन्या अकाउंटला पासकोड लावला, 0000 बदलला. मी सांगत होते, ती करत होती. पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा, आत येत नव्हता. मी म्हटलं, त्याला बोलाव, चित्र त्याला निवडू दे.

आला. खूप वेळ चित्रं चाळत बसला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "मावशी, माझी जुनी टीम बघता तरी येईल का?"

मी म्हटलं, बघता येईल. आई शेजारी बसली असेल तेव्हा, तिच्या हाताने पासकोड टाकून. मैत्रिणीने मान हलवली आणि त्याला जवळ ओढलं. "चोर" शब्दाबद्दल ती त्याच्याशी काही बोलली का, मी विचारलं नाही. मी माझ्या पोराशी बोलायला आठ दिवस लावले होते.