बीटा ०.४ झाला म्हणजे नेमके काय झाले: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "आपल्या लेखात ५ कोटींच्या पोर्टफोलिओचा बीटा १.२ वरून ०.४ वर आणण्यासाठी निर्देशांकाच्या फ्यूचर्सचे ९९ करार विकले आहेत. निर्देशांक ८,००० असताना ८,०८० या फ्यूचर्सच्या भावाने भागाकार कशासाठी? निर्देशांकाने भागले की बरोबर १०० येतात. दुसरे, निर्देशांक १० टक्के पडल्यावर ०.४ बीटाचा पोर्टफोलिओ ४ टक्के पडायला हवा; आपल्या तक्त्यात तो जेमतेम ३ टक्के पडला आहे. मग सूत्र चुकले की तक्ता? मी हेच प्रमाण धरून प्रयोग केला. तीन महिन्यांत निर्देशांक २ टक्के वाढला आणि माझे ५ टक्के नुकसान झाले. बीटा खरोखर ०.४ झाला असता तर असे होईल का?"

आपण आकडे स्वतः मांडून पाहिलेत, म्हणून उत्तरही आकड्यांनीच देतो. सूत्र आणि तक्ता दोन्ही बरोबर आहेत, पण लेखातले माझे एक वाक्य अपुरे होते आणि आपला आक्षेप त्यावर नेमका बसतो. "०.४ बीटा म्हणजे निर्देशांकाच्या हालचालीच्या ४० टक्के हालचाल" असे मी लिहिले होते. एका दिवसाच्या हालचालीपुरते ते खरे मानता येते. तीन महिन्यांच्या हिशेबात ते टिकत नाही, आणि तक्ता तीन महिन्यांचा होता.

बीटा निर्देशांकाच्या एकूण परताव्याला लागत नाही, तर जोखीममुक्त व्याजाच्या वर किंवा खाली जो परतावा मिळाला त्याला लागतो. उदाहरणात तीन महिन्यांचे व्याज १.५ टक्के आणि लाभांश ०.५ टक्के धरला होता. फ्यूचर्सचा भाव निर्देशांकापेक्षा १ टक्का वर, म्हणजे ८,०८०, असण्याचे कारण या दोहोंतला फरक हेच आहे. निर्देशांक ७,२०० वर आला तेव्हा लाभांशासह त्याचा परतावा उणे ९.५ टक्के झाला, आणि व्याजाच्या तुलनेत तो ११ टक्के मागे पडला. ०.४ बीटाच्या पोर्टफोलिओने या ११ टक्क्यांचे ४० टक्के, म्हणजे ४.४ टक्के, व्याजाच्या मागे राहायचे असते. १.५ मधून ४.४ वजा केले की उणे २.९ टक्के येतात, आणि तक्त्यात उणे २.९९ आहेत. उरलेल्या नऊ शतांशाचा हिशेब भाजकाच्या प्रश्नात आहे, तो पुढे येईल.

हे व्याज प्रत्यक्षात कुठून येते, हे लेखात सांगायला हवे होते. निर्देशांक जागचा हलला नाही तरी ८,०८० ला विकलेला करार मुदतीच्या दिवशी ८,००० ला मिटतो, आणि ९९ करारांवर, प्रत्येक करारात अंकामागे ५०, म्हणजे गुणक ५०, धरून, विकणाऱ्याच्या हाती ३,९६,००० येतात. ही कोणी दिलेली बक्षिसी नव्हे. फ्यूचर्स घेणारा आज पूर्ण रक्कम गुंतवत नाही, ती त्याच्याकडे व्याज कमावत राहते; त्या व्याजातून त्याला न मिळणारा लाभांश वजा केला की जे उरते तेवढे तो जास्त भावातून विकणाऱ्याला देतो. म्हणून ५ कोटींच्या समभागांवर ४ कोटींचे फ्यूचर्स विकणे हे परिणामाने दोन तृतीयांश समभाग विकून ती रक्कम व्याजावर ठेवण्यासारखेच आहे, कारण ०.४ हा १.२ चा एक तृतीयांश होतो. पडताळा असा: १.२ बीटाचे समभाग त्या तिमाहीत ११.७ टक्के पडतात. त्याचा एक तृतीयांश उणे ३.९, त्यात दीड टक्के व्याजाचे दोन तृतीयांश, म्हणजे अधिक १, मिळून पुन्हा उणे २.९. (लाभांशाचा दर व्याजापेक्षा जास्त असेल तर फ्यूचर्स निर्देशांकाच्या खाली असतात आणि हाच फरक विकणाऱ्याला सोसावा लागतो, हिशेब मात्र तोच राहतो.)

आता भाजकाविषयी. लेखातले सूत्र असे होते:

```
N = (βT − βP) × P / (F × m)
N = (0.4 − 1.2) × 5,00,00,000 / (8,080 × 50) ≈ −99
```

इथे N म्हणजे करारांची संख्या, βT हवा असलेला बीटा, βP आत्ताचा बीटा, P पोर्टफोलिओची किंमत, F फ्यूचर्सचा भाव आणि m गुणक. उत्तर उणे आले की विक्री, अधिक आले की खरेदी. आपण F च्या जागी निर्देशांक घेतलात आणि १०० मिळवलेत. या दोन उत्तरांपैकी एक चूक आणि एक बरोबर असे मी म्हणणार नाही, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

उद्या एकाच दिवशी निर्देशांक १० टक्के पडला तर समभाग १२ टक्के, म्हणजे ६० लाख, गमावतील. फ्यूचर्सही १० टक्के पडून ७,२७२ वर येतील आणि प्रत्येक अंकामागे ९९ करार मिळून ४,९५० देतील. ८०८ अंकांचे जवळजवळ ४० लाख होतात. निव्वळ तोटा २० लाख, म्हणजे आपल्याला अपेक्षित असलेले ४ टक्के. इथे १०० करार असते तर तोटा ३.९२ टक्के झाला असता, म्हणजे बचाव थोडा जास्तच झाला असता. उलट मुदत संपेपर्यंत हात न लावता थांबायचे असेल तर १०० करारांचा नफा ४४ लाख होतो, समभागांचे ५८ लाख ५० हजार जातात, आणि निव्वळ तोटा १४ लाख ५० हजार, म्हणजे अचूक २.९ टक्के उरतो. वर राहिलेले नऊ शतांश एवढ्या एका कराराचे आहेत. आजच्या हालचालीला फ्यूचर्सचा आजचा भाव लागतो. मुदतीच्या दिवशी फ्यूचर्स आणि निर्देशांक एक होतात म्हणून तिथवरच्या हिशेबाला निर्देशांक लागतो. रोजच्या नफा-तोट्याची रोख देवाणघेवाण होत असते आणि करारांची संख्या अधूनमधून बदलावीही लागते, म्हणून मी पहिली रीत पसंत करतो. पण शंभरात एक कराराचा हा फरक आहे, आणि बीटाच्या अंदाजातली चूक त्याच्या कितीतरी पट मोठी असते.

संख्या बदलावी का लागते, तेही याच घसरणीतून दिसते. त्या दिवसानंतर समभाग ४.४० कोटींचे राहिले, त्यांचा बाजाराशी संबंध १.२ पटीने ५.२८ कोटींचा, विकलेले फ्यूचर्स ३.६० कोटींचे, उरला संबंध १.६८ कोटींचा. हाती आलेली रोख धरून एकूण मालमत्ता ४.८० कोटी आहे, म्हणजे कोणी काही न करता बीटा ०.३५ वर उतरला. ०.४ हवा असेल तर आता ९२ करार पुरतात आणि सात परत घ्यावे लागतात. नव्याने सूत्र लावताना P मध्ये ही रोखही घ्यावी, आणि βP सुद्धा रोखीसह असलेल्या पूर्ण मालमत्तेचा, म्हणजे १.२ ऐवजी १.१, घ्यावा, इथे अनेकांची गल्लत होते.

आपल्या स्वतःच्या नुकसानाकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. आपले प्रमाण माझ्या उदाहरणाप्रमाणेच होते आणि फ्यूचर्सही निर्देशांकापेक्षा १ टक्का वर होते असे धरू. निर्देशांक २ टक्के वाढला म्हणजे फ्यूचर्स साधारण १ टक्का वाढले, आणि त्यांची विक्री पोर्टफोलिओच्या ८० टक्क्यांइतकी असल्याने त्यातला तोटा सुमारे ०.८ टक्के झाला. ५ टक्क्यांतले उरलेले ४.२ टक्के समभागांनीच गमावले. १.२ बीटाच्या समभागांनी त्या तिमाहीत २.७ टक्के मिळवायला हवे होते, म्हणजे समभाग अपेक्षेपेक्षा जवळजवळ ७ टक्के मागे राहिले. त्या ७ टक्क्यांना फ्यूचर्सचा स्पर्शही होत नाही, कारण ती निर्देशांकाची चाल नव्हे. ती आपण निवडलेल्या कंपन्यांची आपापली चाल आहे.

७ टक्के हा आकडा असाधारण वाटेल, पण तो तसा नाही. समजा समभागांचे वार्षिक प्रमाण विचलन २४ टक्के आहे आणि निर्देशांकाचे १५ टक्के. बीटा १.२ असल्यामुळे बाजारातून येणारा भाग १८ टक्क्यांचा झाला. विचलनांची बेरीज वर्गांनी होते, म्हणून कंपन्यांचा स्वतःचा भाग सुमारे १६ टक्के निघतो, तिमाहीला ८ टक्के. म्हणजे आपल्यासारखी तिमाही विरळ नव्हे, वरचेवर येणारी आहे. या पोर्टफोलिओचा बीटा ०.४ वर आणला तर बाजाराचा भाग १८ वरून ६ टक्क्यांवर येतो, पण एकूण विचलन २४ वरून १७ टक्क्यांवरच येते. बीटा शून्य केला तरी १६ टक्के उरतात. थोडक्याच कंपन्यांचे समभाग ठेवणाऱ्याने फ्यूचर्स विकण्याआधी हा आकडा काढावा, असे मला कळकळीने वाटते.

१.२ हा आकडाही गृहीत सत्य मानता येत नाही. वरच्याच विचलनांनी ६० महिन्यांच्या परताव्यांवरून बीटा काढला तर त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१४ येते, म्हणजे खरा बीटा ०.९३ ते १.४७ मध्ये कुठेही असू शकतो. फ्यूचर्स विकून आपण त्यातून ठरावीक ०.८ वजा करतो. अनिश्चितता जशीच्या तशी राहते आणि ०.४ चे लक्ष्य प्रत्यक्षात ०.१३ ते ०.६७ एवढे पसरते. शिवाय ज्या निर्देशांकाचे फ्यूचर्स विकले त्याच निर्देशांकाशी बीटा मोजलेला असावा. दुसऱ्या एखाद्या व्यापक निर्देशांकाशी मोजलेला तयार बीटा सूत्रात घातला तर उत्तर सुरुवातीपासूनच तिरके जाते, आपला १.२ कुठून घेतला होता ते कृपया कळवावे.

आपल्या बाबतीत दोष बीटाचा की कंपन्यांचा, हे एका तिमाहीवरून ठरवता येणार नाही. समभाग आणि फ्यूचर्स मिळून होणारा आठवड्याचा परतावा वर्षभर नोंदवा आणि त्याच निर्देशांकाच्या आठवड्याच्या परताव्याशी त्याचा उतार, म्हणजे प्रत्यक्षातला बीटा, काढा. बावन्न आठवड्यांच्या नोंदीत त्या उताराची त्रुटी ०.१५ च्या आसपास राहील. उतार ०.४ च्या जवळ असूनही तोटा होत असेल, तर करारांची संख्या बरोबर आहे आणि प्रश्न समभागांच्या निवडीचा आहे. उतार ०.८ किंवा ०.९ निघाला, तर बीटा कमी धरला गेला होता आणि आणखी करार विकायला हवे होते. लेखातले ते अपुरे वाक्य मी आज बदलले असून तक्त्यात व्याज आणि लाभांशाचे रकाने वेगळे केले आहेत.