नोटीस ‘ईमेल केली’ की ‘ईमेलने पाठवली’?

‘ईमेल करणे’, ‘मेसेज करणे’, ‘टेक्स्ट करणे’ ही क्रियापदं औपचारिक मराठीत चालतील का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उफाळतो. एक बाजू म्हणते, भाषा बिघडली. दुसरी म्हणते, भाषा वाहती असते, सोडून द्या. पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या संपादकीय टेबलावर माझं निम्मं आयुष्य गेलं. दोन्ही बाजूंना माझं म्हणणं असं की प्रश्न शुद्धतेचा नाहीच. त्या वाक्यातून काय घडलं ते वाचणाऱ्याला नक्की कळतं का, हे पाहा. बोलण्यात ‘ईमेल कर’ अगदी छान आहे. पण नोटीस, इतिवृत्त, ठराव, पोटनियम, अर्ज अशा कागदांत, जिथे उद्या कुणीतरी बोट ठेवून ‘हे नक्की काय झालं होतं?’ असं विचारणार आहे, तिथे मी ‘ईमेलने पाठवली’ असंच लिहीन आणि तुम्हीही लिहावं असा आग्रह धरीन.

आधी व्याकरणाचं बोलू, कारण ‘हे व्याकरणात बसत नाही’ हा आक्षेप मला पटत नाही.

इंग्रजीत नाम आहे तसं उचलून क्रियापद म्हणून वापरता येतं, कारण त्या भाषेचे जुने प्रत्यय झडून गेले. जुन्या इंग्रजीत प्रेम म्हणजे ‘लुफु’ आणि प्रेम करणं म्हणजे ‘लुफिअन’, असे दोन वेगळे शब्द होते. शेवट गळून पडले आणि दोन्ही ‘लव्ह’ झाले. तरीही त्यांच्याकडे कुरकुर झालीच. बेंजामिन फ्रँकलिनने १७८९ च्या डिसेंबरात कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून काही नव्या क्रियापदांबद्दल नाराजी कळवली होती. त्यांत ‘नोटिस’, ‘ॲडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ हे शब्द होते. आज हे शब्द क्रियापद म्हणून वापरताना कुठल्याही इंग्रजी संपादकाची पेन्सिल थांबत नाही.

मराठीत असं नुसतं उचलून चालत नाही. आपल्या क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष, काळ सगळं अंगावर वागवावं लागतं. म्हणून आपण दोन वाटा काढल्या. एक म्हणजे नामालाच प्रत्यय लावून धातू करायचा: लाज, लाजणे, हात, हाताळणे, पाणी, पाणावणे, नोंद, नोंदवणे. व्याकरणात याला नामधातू म्हणतात. दुसरी वाट म्हणजे नाम तसंच ठेवून शेजारी ‘करणे’ उभं करायचं. परभाषेतून आलेले शब्द बहुतेक याच दुसऱ्या दाराने आत येतात.

पण या दुसऱ्या वाटेवरही दोन मुक्काम आहेत, आणि तो फरक फार थोडे लोक पाहतात. ‘खर्च’ हा शब्द घ्या. ‘त्यांनी दोन लाख रुपयांचा खर्च केला.’ इथे ‘केला’ हे रूप ‘खर्च’ या शब्दाकडे पाहून आलंय. खर्च अजून नामच आहे, म्हणून ‘रुपयांचा’ असा षष्ठीचा आधार लागला. आता ‘त्यांनी दोन लाख रुपये खर्च केले’ हे वाक्य पाहा. ‘केले’ हे रूप ‘रुपये’ या शब्दाकडे पाहतंय. खर्च क्रियापदात विरघळला. त्याचं लिंग, त्याचं वचन यांना वाक्यात आता काही काम उरलं नाही. आणि ‘खर्चले’ म्हटलं की तो पुरता धातू झाला. परक्या मुलखातून आलेल्या एका शब्दाने तिन्ही घरं गाठली आणि आज तिन्ही रूपं शुद्ध आहेत. देवळाला ‘जमिनीचं दान केलं’ आणि ‘जमीन दान केली’ हाही तसाच जोड.

म्हणजे कसोटी सोपी आहे. वाक्य भूतकाळात आणा, कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लावा आणि ‘केला-केली-केलं’ कोणाच्या मागून चाललंय ते बघा. ‘सचिवांनी ईमेल केला’ इथे ईमेल नाम आहे. ‘सचिवांनी नोटीस ईमेल केली’ इथे तो क्रियापदाचा भाग झाला आहे. यात नवीन काहीच नाही, कारण ‘पत्र पोस्ट केलं’ आपण कधीपासून लिहीत आलोय आणि त्यावर कुणी लाल रेघ मारत नाही. उलट या बांधणीत एक सोयही आहे. ईमेल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, ‘आला’ की ‘आली’, यावर आमच्या टेबलावर कितीदा चर्चा व्हायची. तो प्रश्न इथे उरतच नाही.

सगळीच नामं मात्र असं विरघळू देत नाहीत. ‘मंत्र्यांनी पूल पाहणी केला’ होत नाही, ‘पुलाची पाहणी केली’ असंच म्हणावं लागतं. ‘समितीने प्रस्ताव चर्चा केला’ होत नाही, ‘प्रस्तावावर चर्चा केली’ होतं. ‘कागद सही केला’ हे कानावर येतं, पण कागदावर सही करायची असते. इंग्रजी मसुदा समोर ठेवून घाईत मराठी केलं की नेमकी अशी वाक्यं पडतात. ती मी आजही दुरुस्त करीन.

आता मुद्द्याचं. व्याकरण हरकत घेत नाही, तर मग मी का घेते?

फोंडा तालुक्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आलं होतं. त्यात एक ओळ होती: ‘सभेसंदर्भात सर्व सभासदांना ईमेल करण्यात आले.’ सभेत यावरूनच खडाजंगी झाली होती. काही सभासद म्हणत, आम्हाला नोटीस मिळालीच नाही. समिती म्हणे, ईमेल केलंय ना! दोघंही खोटं बोलत नव्हते. गेला होता तो दोन ओळींचा ईमेल: सभा अमुक दिवशी आहे, नोटीस फलकावर लावली आहे, पाहून घ्यावी. नोटीस सोबत जोडलेलीच नव्हती. शिवाय काही पत्ते जुने होते आणि त्यांवरचे ईमेल परत आले होते. ‘ईमेल करण्यात आले’ या शब्दांत हे सगळं मावतं आणि सगळं झाकलंही जातं.

त्या ओळीला आपली कसोटी लावा. ‘करण्यात आले’ हे ‘आले’ कोणाचं? ‘नोटीस ईमेल करण्यात आली’ असतं तर नोटीस गेली असं समितीने लिहून दिलं, हे ठरलं असतं आणि ते खरं की खोटं हे तपासता आलं असतं. ‘ईमेल करण्यात आला’ असतं तर निदान एक ईमेल गेला एवढं कळलं असतं, त्यात काय होतं ते विचारता आलं असतं. ‘आले’ मात्र अनेक ईमेल गेले म्हणून आलंय की कुणाशीच बांधलेलं नाही, तेही कळत नाही. कर्ता आधीच गायब, आता कर्मही गायब. सरकारी मराठीतलं ‘करण्यात आले’ हे असंही धूसर असतंच. त्याला ‘ईमेल’ जोडला की उरलंसुरलं दिसणंही बंद होतं.

यात कायद्याचाही एक पदर आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवला जाणं आणि तो मिळणं या दोन स्वतंत्र घटना मानल्या आहेत. उभयपक्षी वेगळं ठरलं नसेल, तर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरला की तो पाठवला गेला. घेणाऱ्याने ठरावीक पत्ता दिला असेल, तर त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला की मिळाला. भलत्याच पत्त्यावर गेला असेल, तर घेणाऱ्याने तो तिथून काढून घेतला तेव्हा मिळाला. आपल्या भाषेत या दोन्हींसाठी ‘पाठवणे’ आणि ‘मिळणे’ हे धडधाकट शब्द तयार आहेत. ‘ईमेल करणे’ या दोन्हींच्या मधे कुठेतरी उभं राहतं.

मी ती ओळ अशी सुचवली: ‘सभेची नोटीस अध्यक्षांच्या सहीनिशी सोसायटीच्या ईमेल पत्त्यावरून सर्व सभासदांच्या नोंदवलेल्या ईमेल पत्त्यांवर अमुक तारखेला पाठवली. ज्यांचे ईमेल परत आले त्या सभासदांना नोटीस हातोहात देऊन पोच घेतली.’ समितीने पहिलं वाक्य लिहायला घेतलं तेव्हाच लक्षात आलं की ते लिहिता येत नाही, कारण तसं झालेलंच नव्हतं. हातोहात तर कुणी काही दिलंच नव्हतं. शेवटी इतिवृत्तात घडलं तेच लिहिलं गेलं: सभेची तारीख कळवणारा ईमेल पाठवला, नोटीस त्यासोबत नव्हती, ती फलकावर लावली होती. लांब झालं, पण आता त्यावर निदान नीट भांडता येतं.

गोव्यात तर हे अवघडही नाही. इथे राजभाषा कोंकणी आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीचाही शासकीय कामासाठी वापर होऊ शकतो. त्यामुळे आपल्यातले अनेकजण घरात कोंकणी बोलतात आणि अर्ज मराठीत लिहितात. कोंकणीत आपण सहज ‘मेसेज धाड’ म्हणतो. धाडायची वस्तू वेगळी, धाडणं वेगळं. ‘फोन मार’ हेही म्हणतो, ते बोलीतच राहू दे. पण ‘धाडणे’ मराठीतही जुनं, सरळ क्रियापद आहे. पंचायतीला अर्ज लिहिताना ‘कागदपत्रं ईमेलने धाडली आहेत’ लिहिलंत तर मला ते ‘ईमेल केलेले आहे’पेक्षा शंभरपट आवडेल.

‘टेक्स्ट करणे’ मात्र औपचारिक लेखनात मी घेणारच नाही. ‘टेक्स्ट’ म्हणजे एसएमएस, व्हॉट्सॲपचा निरोप की नुसता मजकूर, हे त्यातून कळत नाही. अभ्यासाच्या लेखनात तर ‘टेक्स्ट’ म्हणजे संहिता. ‘मेसेज पाठवला’ लिहा, आणि माध्यमाला महत्त्व असेल तर तेही लिहा.

आणि ‘गुगलणे’, ‘मेसेजणे’? मुलं हौसेने वापरतात आणि मला ते ऐकायला आवडतं, कारण नामधातू घडवायची आपली जुनी खोड अजून जिवंत असल्याची ती खूण आहे. इंग्रजीत ‘गुगल’ क्रियापद म्हणून २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात गेलं. मराठीत ‘गुगललं’ ललित लेखात आलं तर मी एक अक्षरही बदलणार नाही. प्रबंधात आलं तर बदलीन, कारण तिथे कुठे शोधलं, कोणते शब्द घालून शोधलं आणि कधी शोधलं हे परीक्षकाला हवं असतं, आणि ‘गुगललं’ यांतलं काहीच सांगत नाही.

तुमच्या सोसायटीच्या, देवस्थानच्या, शाळेच्या पालक संघाच्या इतिवृत्तात ‘ईमेल करण्यात आले’ किंवा ‘व्हॉट्सॲप करण्यात आले’ अशी ओळ सापडली तर नावगाव झाकून खाली टाका. काय पाठवलं, कोणी, कुणाला आणि कधी, यांतलं काय त्या ओळीत राहून गेलंय ते आपण मिळून पाहू.